सिंकिंग फंड: 20 फ्लॅट, 1 लिफ्ट, दरवर्षी किती काढायचे?

त्रिमूर्ती_20
नमस्कार मंडळी. आमची सोसायटी त्रिमूर्ती नगरकडे आहे, खाली पार्किंग अन् वर 5 मजले, एकूण 20 फ्लॅट, त्यात 12 टू बीएचके 800 फुटाचे अन् 8 थ्री बीएचके 1,050 फुटाचे. ताबा 2008 चा. लिफ्ट एकच, 6 माणसांची 408 किलोवाली, तेव्हापासूनची तीच आहे. मी यावर्षी सेक्रेटरी झालो, म्हणजे मीटिंगमध्ये सगळे मोबाईल पाहून राहिले होते अन् मी एकटाच वर पाहत होतो म्हणून माझ्या गळ्यात पडलं.

मे महिन्यात लिफ्ट एका आठवड्यात 3 वेळा बंद पडली. बोलावलेल्या माणसाने सांगितलं की 7-8 वर्षं अजून ओढाल, मग पूर्ण बदलावीच लागेल, आजच्या भावाने जीएसटी अन् तोडफोड धरून 13 लाख. आमच्याकडे सिंकिंग फंडाच्या नावाने 4 लाखाची एफडी आहे, बाकी काहीच नाही. मी साधा हिशेब लावला, 13 मधून 4 गेले, राहिले 9 लाख, 8 वर्षांत जमवायचे म्हणजे वर्षाला 1,12,500, फ्लॅटमागे 5,625, महिन्याचे 469 रुपये. कमिटीत एकजण म्हणतो एवढे घेताच येत नाही, दुसरा म्हणतो हे कमी पडतील. कोणाचं बरोबर? सप्टेंबरच्या आत आमसभा आहे, तिथे आकडा ठेवायचा आहे.

ऑरेंज_सिटी_बॉय
पहिला माणूस बरोबर आहे भाऊ. बायलॉजमध्ये सिंकिंग फंड वर्षाला 0.25 टक्के लिहिलेला आहे, त्याच्यावर घेता येत नाही. तुमचा टू बीएचके आज 55 लाखाला जात असेल तर 0.25 टक्के म्हणजे 13,750 रुपये वर्षाचे. म्हणजे तुमचे 5,625 तर त्याच्या निम्म्यातही नाहीत, बिनधास्त घ्या, कोणी काही म्हणू शकत नाही.

लेखा_ताई
दादा, 0.25 टक्के हा आकडा बरोबर आहे, पण तो कशाच्या 0.25 आणि तो वरचा आकडा की खालचा, ही दोन्ही टोकं उलटी झाली तुमची. मी नागपुरातल्या बऱ्याच सोसायट्यांचे हिशेब लिहिते, दर वर्षी हेच ऐकते.

टक्केवारी लागते ती बांधकाम खर्चावर, आर्किटेक्टने प्रमाणित केलेल्या, जमिनीचा भाग वगळून. आजच्या बाजारभावावर नाही. बिल्डरच्या कागदात त्यांचा बांधकाम खर्च 2008 चा असेल तो धरायचा. समजा फुटाला 900 रुपये होता, तर 800 फुटाच्या फ्लॅटचे 7 लाख 20 हजार, त्याचे 0.25 टक्के म्हणजे वर्षाला 1,800 रुपये. थ्री बीएचकेचे साधारण 2,362. सगळ्या 20 फ्लॅटचे मिळून वर्षाला 40,500.

आणि हा आकडा किमान आहे, त्याच्या खाली जायचं नाही. वर किती जायचं ते आमसभा ठरवते. त्यामुळे कमिटीतले ते "घेताच येत नाही"वाले काका चुकले, पण तुमचा 5,625 सुद्धा कमी पडणारच आहे, त्याचं कारण वेगळं आहे. ते संध्याकाळी लिहिते, आत्ता ऑडिटरकडे चालले.

बेसा_रोड_टूबीएचके
याच विषयावर माझा प्रश्न, मी फ्लॅट विकून राहिलो, 9 वर्षं सिंकिंग फंड भरला, माझा भाग परत मिळतो ना? सोसायटीवाले टाळून राहिले.

जुना_सेक्रेटरी
नाही मिळत. तो पैसा बिल्डिंगचा, तुमचा नाही. फ्लॅटसोबत पुढच्या मालकाकडे जातो. फार तर भाव करताना त्याला सांगा की फंड तगडा आहे, तुला लगेच काही भरावं लागणार नाही.

त्रिमूर्ती_20
धन्यवाद ताई, वाट पाहतो. 4 लाखच का जमले ते आत्ता कळलं, मधली 6-7 वर्षं कोणी हा हेड बिलात लावलाच नाही. मेंटेनन्सचा एकच आकडा घेत होते अन् वर्षअखेरीला उरलं तर एफडी.

लेखा_ताई
हं, आता बसते. तुमच्या साध्या हिशेबात दोन गोष्टी सुटल्या आणि त्या एकमेकींच्या उलट दिशेने ओढतात.

पहिली म्हणजे 13 लाख हा आजचा भाव आहे, तुम्ही लिफ्ट घेणार 8 वर्षांनी. वर्षाला 6 टक्के वाढ धरली तर 13 लाखाचे 8 वर्षांनी 20 लाख 72 हजार होतात. 6 च का, तर लिफ्टमध्ये लोखंड, तांबं, मजुरी सगळंच आलं, त्याच्या खाली धरायची माझी हिंमत नाही, कोणाला 7 धरायचे असतील तर धरा.

दुसरी गोष्ट, तुमचे पैसे तेवढी वर्षं नुसते पडून राहणार नाहीत, व्याज मिळेल. एफडीवर टॅक्स जाऊन हातात 5 टक्के धरते. आजचे 4 लाख 8 वर्षांनी 5 लाख 91 हजार होतात. म्हणजे कमी पडले 14 लाख 81 हजार, 9 नाही. ते दरवर्षी सारख्या हप्त्याने जमवायचे, प्रत्येक हप्त्यावर उरलेल्या वर्षांचं व्याज मिळणार. शीटमध्ये एका ओळीत येतं:

```
=PMT(5%,8,-400000,2072000)
```

उत्तर वर्षाला 1,55,095 येतं. 20 ने भागा, फ्लॅटमागे 7,755, महिन्याला 646. तुमच्या 469 पेक्षा 177 रुपये जास्त. फरक एवढाच, पण 469 ने गेलात तर आठव्या वर्षी लिफ्टवाल्यासमोर 4 लाखाच्या आसपास कमी घेऊन उभे राहाल.

आता गंमत बघा. 0.25 टक्क्यावरच अडून बसलात, म्हणजे वर्षाला 40,500, तर 8 वर्षांनी जुन्या एफडीसकट 9 लाख 78 हजार जमतात. लिफ्ट 20 लाख 72 हजाराची. फ्लॅटमागे साधारण 54,700 एकदम मागावे लागतील. ते मागायला जो सेक्रेटरी असेल त्याला माझ्या शुभेच्छा.

मानेवाडा_चौक
ताई मी तुमचा फॉर्म्युला टाकून पाहिला तर मला वर्षाला 2,78,872 येऊन राहिलं, फ्लॅटमागे 13,944. म्हणजे तुमच्या आकड्याच्या जवळपास दुप्पट. कुठेतरी चुकले वाटते तुम्ही.

लेखा_ताई
4 लाखाच्या आधी वजा टाकलं होतं का?

मानेवाडा_चौक
अरे हो, नव्हतं टाकलं. मला वाटलं आपले पैसे आहेत म्हणजे अधिकच असणार 🙏

लेखा_ताई
वजा काढला की शीटला वाटतं ते 4 लाख तुम्ही उसने घेतलेत आणि तेही फेडायचेत. उत्तर वजामध्ये येतं त्याला मात्र घाबरू नका, तो खिशातून जाणारा पैसा आहे. आमसभेत शीट दाखवायच्या आधी शेवटच्या वर्षाची बाकी हाताने तपासा, 20 लाख 72 हजारावर येऊन थांबली पाहिजे.

मशीनरूम
मी लिफ्टच्या लाइनमध्ये 22 वर्षांपासून आहो. ताईचा हिशेब झकास आहे पण ते 8 वर्षं अन् 13 लाख, हे दोन्ही आकडे एका माणसाच्या तोंडचे, अन् तो माणूस लिफ्ट विकणारा. त्याच्यावरच सगळी इमारत उभी राहून राहिली.

आधी हे सांगा, मे महिन्यात बंद पडली ती कोणत्या वेळेला? दुपारी ना? आपल्याइकडे मशीन रूम गच्चीवर असते, वरून पत्रा नाहीतर पातळ स्लॅब, बाहेर 45 तर आत 50 च्या वर. बहुतेक ड्राइव्ह 40 डिग्रीपर्यंतच पूर्ण ताकदीने चालायला बनवलेले असतात, त्याच्यावर गेलं की ट्रिप मारतात. रात्री चालू केली की व्यवस्थित. अशी लिफ्ट म्हातारी झाली म्हणून बंद नाही पडत, गरमीने पडते. त्या खोलीला एक्झॉस्ट बसवा, खिडकीला जाळी करा, स्लॅबवर पांढरा लेप मारा. 15-20 हजारात होते. हे केल्याशिवाय कोणी 13 लाखाचं बोलत असेल तर त्याला चहा पाजून वापस पाठवा.

त्रिमूर्ती_20
तिन्ही वेळा दुपारी 2 ते 4 च्या मध्ये 😐

मशीनरूम
मग घ्या. आता खरं म्हातारपण कुठे दिसते ते सांगतो. दोर पाहायला लावा. दोरावर लाल भुकटी दिसली किंवा बारीक तारा तुटून वर आल्या तर दोर गेले. पण नुसते दोर बदलून भागत नाही, ज्या चाकावरून दोर जातात त्याच्या खाचा पाहा. सगळे दोर खाचेत सारख्या उंचीवर बसले पाहिजेत, एखादा खोल गेला असेल तर चाक झिजलं, नवे दोरही तिथे लवकर खराब होतात. गिअरबॉक्सखाली तेल साचून राहिलं का ते पाहा. लिफ्ट मजल्याच्या वर-खाली इंच-दीड इंच थांबून राहिली तर ब्रेकचं अस्तर किंवा कंट्रोलर. अन् पावसाळ्यात खालच्या खड्ड्यात पाणी भरते का पाहा, तिथे लोखंड सडते अन् कोणाचं लक्ष नसते.

यातलं रूळ अन् काउंटरवेट सहसा पूर्ण आयुष्य चालतात. म्हणून पूर्ण लिफ्ट बदलण्याऐवजी कंट्रोलर, मशीन, दोर, दरवाजे अन् केबिन एवढंच बदलता येते, रूळ तेच ठेवून. दोन वेगळ्या लोकांकडून दोन्ही प्रकारचे कोटेशन लेखी घ्या. तुमच्या साइजला मला वाटते साडेसात लाखाच्या आसपास होईल.

ऑरेंज_सिटी_बॉय
घ्या मग, 13 चे साडेसात झाले, 646 कायले भरायचे?

लेखा_ताई
साडेसात लाखाने हिशेब केला तर 8 वर्षांनी 11 लाख 95 हजार, जुनी एफडी वजा जाऊन 6 लाख 4 हजार जमवायचे, म्हणजे वर्षाला 63,294, फ्लॅटमागे महिन्याला 264. 264 आणि 646, एवढा फरक पडतो फक्त काय बदलायचं हे ठरवण्याने. म्हणून मशीनरूम भाऊ म्हणतात तसा अहवाल आधी, हप्ता नंतर.

मशीनरूम
पण 264 वर लगेच शिक्का मारू नका. जुन्या लिफ्टला हाताने ओढायचा जाळीचा दरवाजा असेल तर तुम्ही ऑटो दरवाजा मागालच, त्याच्यासाठी प्रत्येक मजल्यावर भिंत छिलावी लागते, ते साडेसातमध्ये धरलेलं नसते. अन् 8 वर्षांनी रूळ कसे राहतील हे आज कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. मी असतो तर पहिली 2-3 वर्षं जास्तीच्या आकड्याने घेतले असते अन् दर 3 वर्षांनी दोर अन् चाक मोजून आकडा खाली आणला असता. खाली आणायला कोणी नाही म्हणत नाही.

पहिला_मजला
नमस्कार. हा सगळा हिशेब ठीक आहे पण मी पहिल्या मजल्यावर राहतो, लिफ्ट महिन्यातून एकदा वापरतो, तेही गॅस सिलेंडर आला तर. माझ्याकडून पाचव्या मजल्याएवढेच पैसे काऊन? आमच्या सोसायटीत हाच वाद 4 वर्षांपासून चालू आहे.

जुना_सेक्रेटरी
काका, लिफ्टचा रोजचा खर्च, देखभाल, वीज हे बायलॉजप्रमाणे सगळ्यांना सारखं, वापरा की न वापरा. त्यावर वाद नाही.

पहिला_मजला
देखभाल सारखी हे मान्य. पण नवीन लिफ्ट घेणं म्हणजे देखभाल आहे का? अन् तुम्ही म्हणता सिंकिंग फंडातून, तो तर बांधकाम खर्चावर, म्हणजे मोठ्या फ्लॅटला जास्त. मग मला सांगा की सिंकिंग फंड म्हणून क्षेत्रफळावर घ्यायचे की लिफ्ट म्हणून सारखे?

लेखा_ताई
काका, तुम्ही बरोबर जागेवर बोट ठेवलंत, इथे मीही हात वर करते. त्रिमूर्तीचा आकडा क्षेत्रफळावर वाटला तर टू बीएचकेला वर्षाला 6,893 आणि थ्री बीएचकेला 9,047. सारखा वाटला तर दोघांनाही 7,755. थ्री बीएचकेवाल्याला सारखं आवडेल, टू बीएचकेवाल्याला क्षेत्रफळ, आणि तुमच्यासारख्या पहिल्या मजल्याच्या माणसाला दोन्ही नाही आवडणार.

एक मधला रस्ता मी 2 सोसायट्यांत पाहिला. बायलॉजमधला किमान 0.25 टक्का बांधकाम खर्चावर, म्हणजे क्षेत्रफळाप्रमाणे, आणि त्याच्या वर जे लागेल ते सगळ्यांना सारखं, लिफ्टसाठी वेगळ्या नावाने. यांच्या आकड्यात टू बीएचके 7,530, थ्री बीएचके 8,092. दोघांनाही थोडं थोडं टोचतं. ठराव मात्र स्पष्ट लिहायचा, कोणता भाग कशावर वाटला ते, नाहीतर 5 वर्षांनी नवीन कमिटी तेच भांडण परत करते.

पहिला_मजला
मी तरी यावर सही करणार नाही, पण ऐकून घेतलं.

धरमपेठ_अपार्टमेंट
आमची 12 फ्लॅटची बिल्डिंग. आम्हीपण 0.25 टक्के लावून राहिलो पण आमचा वकील म्हणतो तुम्हाला हे लागूच नाही. असं कसं? नागपूरला वेगळा कायदा आहे का?

जुना_सेक्रेटरी
नागपूरला वेगळा कायदा नाही, पण नागपुरात सोसायटी कमी अन् अपार्टमेंट जास्त हे खरं. तुमच्याकडे शेअर सर्टिफिकेट आहे की डीड ऑफ अपार्टमेंट?

धरमपेठ_अपार्टमेंट
डीड ऑफ अपार्टमेंट.

जुना_सेक्रेटरी
मग तुम्ही 1970 च्या अपार्टमेंट कायद्यात, सहकार खात्याच्या सोसायटीत नाही. तिथे सामाईक खर्च प्रत्येकाच्या अविभाज्य हिश्श्याच्या टक्केवारीने पडतो. ती टक्केवारी तुमच्या डीडमध्ये लिहिलेली असते, पाहा, 7.4 किंवा 9.1 असं काहीतरी. अन् वर्षाला किती काढायचे ते डिक्लेरेशनसोबतच्या तुमच्याच बायलॉजमध्ये. त्यात काही नसेल तर मालकांच्या सभेत ठराव करून फंड करा. ताईचा हिशेब तोच राहतो, फक्त 20 ने भागण्याऐवजी टक्केवारीने भागायचा. पहिल्या मजल्याच्या काकांचा वाद तुमच्याकडे येणारच नाही, कारण सारखं वाटणं तुमच्यात नाहीच.

धरमपेठ_अपार्टमेंट
येतो जी, आमच्याकडे खाली 3 दुकानं आहेत, त्यांची टक्केवारी मोठी आहे अन् ते म्हणतात लिफ्टच्या दाराला आमचा हातही लागत नाही.

त्रिमूर्ती_20
मी आणखी एक गोष्ट लपवली होती, आता सांगतो, हसू नका. लिफ्टशिवाय बाहेरचा रंग अन् प्लास्टर पण आहे. कूलरमुळे. प्रत्येक खिडकीला लोखंडी स्टँडवर कूलर, वर्षातून 4 महिने पाणी टपकते, स्टँडचे बोल्ट जिथे भिंतीत गेले तिथून पाणी आत जाते अन् आतली सळी फुगून प्लास्टर पडून राहिलं. 5 वर्षांत करावं लागेल, आजच्या भावाने 9 लाख. याला वेगळा फंड धरायचा का?

लेखा_ताई
सांगायला हवं होतं आधी 😀 वेगळा धरला तर 9 लाखाचे 5 वर्षांनी 12 लाख 4 हजार होतात, हातात शून्य, म्हणजे वर्षाला 2,17,966, फ्लॅटमागे महिन्याला 908. लिफ्टचे 646 धरून पहिली 5 वर्षं 1,554 आणि मग एकदम 646. पेन्शनवर जगणाऱ्यांना पहिली 5 वर्षं फारच जड जातात.

एकत्र चालवलं तर कसं होतं ते पाहा. एकच वही, आज 4 लाख, दरवर्षी सारखा हप्ता, पाचव्या वर्षी 12 लाख 4 हजार बाहेर, आठव्या वर्षी 20 लाख 72 हजार बाहेर, आणि शेवटी बाकी शून्य. हप्ता निघतो वर्षाला 3,01,103, फ्लॅटमागे महिन्याला 1,255, आठही वर्षं तेवढाच. पाचव्या वर्षी रंग झाल्यावर बाकी 9 लाख 70 हजार राहते, म्हणजे वही मध्येच शून्याखाली जात नाही, हे तपासायलाच हवं.

जुना_सेक्रेटरी
ताई, इथे मी तुमच्या पुढे अडथळा टाकतो. एकत्र वहीत लिफ्टसाठी ठेवलेले पैसे रंगाला जातात. रंग-प्लास्टर हे दुरुस्ती व देखभाल निधीचं काम, ज्याला बांधकाम खर्चाच्या किमान 0.75 टक्के वेगळे लावायचे असतात. सिंकिंग फंडाला हात लावायला आमसभेचा ठराव, उपनिबंधकांची आधी परवानगी अन् मोठ्या दुरुस्तीसाठी आर्किटेक्टचा दाखला लागतो. आमच्याच सोसायटीत माझ्या आधीच्याने रंगासाठी एफडी मोडली, ठराव नंतर लिहिला, ऑडिटरने लाल शाईने लिहून ठेवलं, 2 वर्षं त्याची उत्तरं मीच देत बसलो.

लेखा_ताई
मान्य आहे, बरोबर बोलता. वेगळं चाललं असतं तर पाचव्या वर्षी लिफ्टच्या खात्यात 13 लाख 67 हजार असते, एकत्रमध्ये 9 लाख 70 हजार. म्हणजे साधारण 4 लाख रंगाने लिफ्टकडून उसने घेतले. म्हणून मी बिल एक करते पण खाती दोन ठेवते. 1,255 मधला किती कुठे जातो ते ठरावात लिहायचं, सिंकिंगमध्ये किमान 0.25 आणि दुरुस्तीत किमान 0.75 इतका तरी गेलाच पाहिजे, आणि वरचा सगळा पैसा आधी दुरुस्ती निधीत टाकायचा, रंग झाला की तोच प्रवाह लिफ्टकडे वळवायचा. मग उसनं घ्यायची वेळ येत नाही, पैसा आधीच योग्य खात्यात असतो.

जुना_सेक्रेटरी
असं असेल तर चालेल. तरी लिफ्ट बदलणं सिंकिंग फंडात बसते की दुरुस्ती निधीत, यावर आमच्या दोन ऑडिटरनी दोन उत्तरं दिली होती. आर्किटेक्टने मोठी दुरुस्ती म्हणून दाखला दिला तर मी सिंकिंगमधून अर्ज करीन, पण आधी उपनिबंधक ऑफिसला लेखी विचारा.

अन् एफडी एका बँकेत ठेवू नका. ठेव विमा एका बँकेत एका खातेदाराला व्याज धरून 5 लाखापर्यंतच, अन् पूर्ण सोसायटी म्हणजे एकच खातेदार, 20 नाही. आठ वर्षांनी 20 लाख एका सहकारी बँकेत घेऊन बसलात अन् तिच्यावर निर्बंध आले तर लिफ्ट राहते तिथेच. अन् एफडीची मुदत कामाच्या तारखेच्या थोडी आधी संपेल अशी घ्या, मोडली की व्याज कापतात.

मनीषनगर_माय
आमच्याकडे एक वेगळंच, 16 पैकी 5 जण मेंटेनन्सच भरत नाहीत, वरून हा हप्ता लावला तर तेही भरणार नाहीत. तुमचा हिशेब 20 पैकी 20 जण भरतील असं धरून आहे.

लेखा_ताई
खरं आहे. 20 पैकी 17 च भरत असतील तर त्या वर्षाचा हप्ता 15 टक्के कमी येतो, आणि नंतर वसूल झाला तरी मधलं व्याज गेलं. थकबाकीवर बायलॉजप्रमाणे वर्षाला 21 टक्क्यांपर्यंत साधं व्याज लावता येतं, दर आमसभेने ठरवायचा. ते व्याज मी फंडाकडेच वळवायला सांगते, मेंटेनन्समध्ये खाऊन टाकू नका.

त्रिमूर्ती_20
सगळ्यांचे आभार, रविवारी तर्री पोह्यावर कमिटीला बसवतो. आधी मशीन रूमला एक्झॉस्ट, मग दोन लोकांकडून दोर-चाकाचा अहवाल, मग आमसभेत 2 शीट ठेवीन, एक पूर्ण लिफ्ट अन् एक अर्धी बदलण्याची. वाटणीवर मात्र मला स्वतःलाच अजून सुचून राहिलं नाही, कारण मी थ्री बीएचके आहे अन् सारखं वाटा म्हटलं की सगळे माझ्याकडेच पाहतील.

मशीनरूम
एक्झॉस्ट बसवला की एखाद्या दुपारी 3 वाजता एक थर्मामीटर आत अन् एक बाहेर सावलीत लटकवून फोटो टाका. आतलं बाहेरच्या जवळपास आलं नाही तर पंखा छोटा घेतला तुम्ही.

पहिला_मजला
अन् त्या पंख्याचे पैसे पण सारखेच वाटणार का?